शाई एका जागी बसत नाही

छायाचित्रणाचा वर्ग संपल्यावर मी लोकांच्या घरी जाऊन पाळीव प्राण्यांचे फोटो काढून देण्याची कामे घेऊ लागले, आणि पहिल्याच कामात एका बोक्याचे ३८० फोटो काढून त्यांतला एकही देण्याजोगा निघाला नाही. बोका हलत होता म्हणून फोटो बिघडले, असे मी त्या वेळी मालकिणीला सांगितले. घरी येऊन ते फोटो संगणकावर मोठे करून पाहिले, तेव्हा लक्षात आले की बोक्याचा दोष फार थोडा होता.

बिघडलेला फोटो नेमका कशाने बिघडला, हे ओळखणे नवशिक्याने सर्वांत आधी शिकावे. मागचा सोफा स्वच्छ दिसतो आणि प्राणी मात्र फासल्यासारखा दिसतो, तेव्हा शटर हळू पडलेले असते, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा जास्त वेळ उघडा राहिलेला असतो. सोफा आणि प्राणी दोन्ही एकाच दिशेने पुसट झाले असतील, तर आपला हात हललेला असतो. प्राण्याचे नाक किंवा कान धारदार आणि डोळे मऊ आले असतील, तर फोकस चुकलेला असतो, आणि अशा वेळी शटरचा वेग कितीही वाढवला तरी काही उपयोग होत नाही. माझ्या ३८० फोटोंत हे तिन्ही प्रकार होते. जे थोडे फोटो यांतून सुटले होते, ते सगळे मी उभ्याने काढले होते, त्यामुळे त्यांत बोक्याची पाठ आणि घरातली फरशीच अधिक दिसत होती.

पुढचे दोन महिने मी आमच्या शाईवर सराव केला. शाई ही काळी देशी कुत्री आहे आणि नावाप्रमाणेच कॅमेऱ्यात ती शाईच्या डागासारखी येते. सरावातून एक गोष्ट पक्की झाली, ती अशी की प्राण्याच्या मागे घरभर फिरू नये. उजेडाची एक जागा ठरवावी आणि प्राणी तिथे येईल अशी व्यवस्था करावी. साधे गणित पाहा. घरात इकडून तिकडे जाणारा प्राणी सेकंदाला एक मीटर चालत असेल, तर १/६० सेकंदात तो दीड सेंटीमीटरहून अधिक सरकतो, आणि १/५०० सेकंदात फक्त दोन मिलिमीटर. म्हणजे शटर १/५०० च्या आसपास हवे, आणि एवढ्या शटरला पुरेल इतका उजेड दिवसा घरात खिडकीपासून किंवा बाल्कनीच्या दारापासून एक-दीड मीटरच्या आतच मिळतो. ट्यूबलाइट लावून ही उणीव भरून काढण्याचा मोह होतो, पण आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होत असतात. डोळ्यांना ते कळत नाही. १/५०० वर मात्र लागोपाठच्या फोटोंत एक उजळ, एक काळपट असा प्रकार दिसतो किंवा फोटोवर आडवे पट्टे येतात. फ्लॅश तर मी पिशवीतून बाहेरही काढत नाही, कारण त्याने डोळे हिरवे-पिवळे चमकतात आणि प्राणी बिचकतो.

आमच्या घरी दुपारी चारच्या सुमारास बाल्कनीच्या दारातून थेट ऊन न येता भरपूर उजेड येतो. तिथे मी शाईची नेहमीची गोधडी दारापासून एक मीटरवर टाकते आणि स्वतः दाराच्या कडेला, उजेड अडणार नाही अशा बेताने, सतरंजीवर पालथी पडते. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, म्हणजे ती बसली असताना जमिनीपासून सुमारे अर्ध्या मीटरवर, आणि लोळत असताना जवळजवळ फरशीला टेकलेला असतो. या उंचीवरून तिचे डोळे समोर येतात, आणि ती दाराकडे तोंड करून बसलेली असल्यामुळे त्या डोळ्यांत दाराचा एक पांढरा ठिपका उमटतो. काळ्या कुत्र्याच्या बाबतीत हा ठिपका नसेल, तर डोळे आणि केस एकच होऊन जातात. (पालथे पडून वीस मिनिटे कोपरांवर तोलणे सोपे नाही, मी आता कोपरांखाली उशी घेते.)

पन्नास मिलिमीटरची लेन्स f/1.8 वर, म्हणजे तिचे छिद्र पूर्ण मोठे करून, उघडी ठेवण्याची हौस मला होतीच. माझ्या कॅमेऱ्यावर दीड मीटर अंतरावरून तिच्यात जेमतेम सहा सेंटीमीटर जाडीचा पट्टा धारदार येतो, आणि शाईच्या नाकापासून डोळ्यांपर्यंतचे अंतरच त्याहून जास्त आहे. म्हणून मी छिद्र लहान करून f/4 वर येते, शटर १/५०० ठेवते आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ३२०० पर्यंत जाऊ देते. थोडे दाणे दिसतात, पण दाणेदार डोळा चालतो, पुसट डोळा चालत नाही. फोकस AF-C वर, म्हणजे सतत पाठलाग करणारा ठेवते. काळे केस राखाडी करून दाखवण्याचा कॅमेऱ्याचा प्रयत्न असतो, त्यामुळे उजेडाची भरपाई -0.7 करते, पांढऱ्या मांजरासाठी हेच उलट दिशेने करावे लागते. फोनवर काम करणाऱ्यांनी जवळ जाऊन मुख्य लेन्सने काढण्याऐवजी थोडे मागे सरून 2x वापरावे, नाहीतर नाक चेहऱ्याच्या मानाने भलतेच मोठे येते.

बर्स्ट मोडविषयी माझे मत जरा कडक आहे. बटण दाबून धरले की काहीतरी मिळेलच, या समजुतीनेच माझे ते ३८० फोटो झाले होते. माझा कॅमेरा सेकंदाला आठ फोटो काढतो, पण सुमारे तीन सेकंदांनी त्याची तात्पुरती साठवण भरते आणि तो अडखळू लागतो. शाई मान वाकडी करते ती नेमकी चौथ्या सेकंदाला. आता मी बटण अर्धे दाबून डोळ्यावर फोकस धरते, मग बिस्किटाच्या डब्याचे झाकण एकदा वाजवायला घरातल्या कुणाला तरी खूण करते, आणि आवाजाबरोबर फक्त एक सेकंद बटण पूर्ण दाबते. त्या आठ फोटोंत पहिल्या दोनांत कान पडलेले असतात, तिसऱ्या-चौथ्यात ते उभे राहतात, आणि पुढच्या फोटोंत ती उठून डब्याकडे निघालेली असते. हा आवाज दोन-तीनदाच चालतो. नंतर ती ढुंकूनही पाहत नाही, म्हणून चौकट जुळण्याआधी तो खर्च करू नये, आणि वाजवल्यावर प्रत्येक वेळी बिस्किट द्यावे.

वाट पाहण्याचे काम याच्या आधीचे आहे. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर पहिली पंधरा मिनिटे मी कॅमेरा फरशीवर ठेवून देते, प्राण्याला तो हुंगू देते आणि मधूनमधून भिंतीकडे तोंड करून दोन-चार फोटो काढते, म्हणजे शटरचा आवाज ओळखीचा होतो. कुत्र्याला आधी फिरवून आणायला सांगते. मांजरासाठी जेवणानंतरची, अंग चाटत बसण्याची वेळ धरते. झोप आलेली नसताना कुत्रा वारंवार जांभई देऊ लागला, ओठ चाटू लागला किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत तोंड फिरवू लागला, किंवा मांजराची शेपटी फटके मारू लागली आणि कान मागे गेले, की मी कॅमेरा बंद करते, मग हाती एक फोटो आलेला असो वा नसो.

त्या बोक्याच्या घरी मी पुन्हा गेले, तेव्हा दीड तासात ६४ फोटो काढले. मालकिणीने निवडलेला फोटो खिडकीच्या कट्ट्यावरचा होता, आणि त्यात बोका माझ्याकडे नव्हे, तर काचेबाहेरच्या कबुतराकडे पाहत होता.