टीएसएच ४८, टी-फोर ०.५: मला चुकीचा वाटलेला एक बरोबर रिपोर्ट

डीएमएलटी पूर्ण करून मी वाशीतील एका प्रयोगशाळेत रुजू झाले, त्याच्या पहिल्याच महिन्यात ऐरोलीच्या अडतीस वर्षांच्या एका बाईंचा रिपोर्ट माझ्यासमोर आला. टीएसएच ४८ मिली-युनिट प्रति लिटर होते; आमच्याकडे त्याची मर्यादा साधारण ०.४ ते ४ अशी छापली जात असे. मुक्त टी-फोर मात्र ०.५ नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर होते, म्हणजे ०.९ या खालच्या मर्यादेच्या जवळपास निम्मे. थायरॉइडला चालना देणारे संप्रेरक एवढे असताना थायरॉक्सिन इतके कमी असूच शकत नाही, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार, असे ठरवून मी बाईंना पुन्हा रक्त द्यायला बोलावले. सुजलेल्या चेहऱ्याने, जिना चढताना धापा टाकत त्या दुसऱ्या दिवशी आल्या आणि आकडे तेच निघाले. त्यांचे उपचार माझ्यामुळे लांबले, ही खंत अजून गेलेली नाही.

माझी चूक मुळात अशी होती की टीएसएच ही थायरॉइडची कामगिरी आहे असे मी धरून चालले होते. टीएसएच थायरॉइडमध्ये तयार होतच नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून येते. रक्तातील थायरॉक्सिन पीयूषिकेच्या पेशींत शिरते, तिथे त्यातील आयोडीनचा एक अणू निघून त्याचे टी-थ्री बनते, आणि हे टी-थ्री पेशीच्या केंद्रकात जाऊन टीएसएच तयार करणाऱ्या जनुकाला आवर घालते. थायरॉक्सिन घटले की हा आवर सुटतो आणि पीयूषिका टीएसएच वाढवत राहते. या बाईंच्या बाबतीत, पुढील तपासणीत दिसल्याप्रमाणे, त्यांच्याच प्रतिकारशक्तीने थायरॉइडच्या पेशींचे नुकसान केले होते. मागणी वरून वाढत होती, पण ती पुरवणाऱ्या पेशीच पुरेशा उरल्या नव्हत्या.

हेच पुन्हा सांगते, कारण मी इथेच अडकले होते. टीएसएच वाढल्यामुळे थायरॉक्सिन घटलेले नसते. थायरॉक्सिन घटल्यामुळे टीएसएच वाढलेले असते. आपल्याकडे लोक सर्रास म्हणतात की ‘माझा थायरॉइड वाढलाय’, आणि बहुतेक वेळा त्यांच्या हातातील कागदावर वाढलेला आकडा टीएसएचचा असतो, म्हणजे ग्रंथी प्रत्यक्षात मंदावलेली असते. रोज हे वाक्य ऐकून आपलीही समज नकळत उलटी होते. पहिल्यांदा गोंधळ झाला तर घाबरू नका. पण काउंटरवर उभे राहून रुग्णाला ‘तुमचा थायरॉइड जास्त आहे’ असे मात्र कधीही सांगू नका.

दोन आकड्यांच्या आकारातील तफावतही मला संशयास्पद वाटली होती, कारण टी-फोर मर्यादेच्या निम्म्याजवळ आले होते, तर टीएसएच मर्यादेच्या बारा पट झाले होते. पण हे नातेच असे विषम आहे. थायरॉक्सिन थोडेसे घटले तरी टीएसएच अनेक पटींनी उसळते, आणि म्हणूनच मंदावणाऱ्या ग्रंथीची चाहूल टी-फोर अजून मर्यादेत असतानाच टीएसएचमध्ये लागू शकते.

उपचार सुरू झाल्यावर या बाई दोन आठवड्यांतच पुन्हा तपासणीसाठी आल्या. टी-फोर १.१ झाले होते, टीएसएच २२ होते, आणि गोळी लागू पडत नाही असे त्यांना वाटत होते. थायरॉक्सिनचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे सात दिवसांचे असल्यामुळे त्याची पातळी स्थिरावायलाच पाच-सहा आठवडे लागतात आणि पीयूषिका त्याच्याही मागून सावरते. म्हणून डॉक्टर सहसा सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच पुन्हा पाहतात. गोळी बदलायची की नाही हे त्यांनीच ठरवायचे. आपण फक्त मागील रिपोर्टची तारीख नीट पाहावी.

शेवटी टीएसएच आणि टी-फोर लक्षात ठेवण्याच्या एका क्लृप्तीबद्दल. ठाण्याच्या क्लासमध्ये आम्हाला ‘एक वर तर दुसरा खाली’ असे पाठ करून घेतले होते. असले पाठांतर परीक्षेपुरते चालते, कामावर घातक ठरते, असे माझे ठाम मत आहे. काही महिन्यांनी टी-फोर ०.६ आणि टीएसएच २.१ असा एक नमुना आला. क्लृप्तीनुसार तो चुकीचा ठरला असता, आणि फक्त टीएसएच पाहिले असते तर ‘नॉर्मल’ म्हणून सुटला असता. पण टी-फोर इतके खाली असताना टीएसएच २.१ वर थांबणे हेच असाधारण होते: आवर सुटूनही पीयूषिका प्रतिसाद देत नव्हती, म्हणजे दोष थायरॉइडपेक्षा वर असण्याची शक्यता होती. गंभीर आजारातही असे आकडे दिसू शकतात, त्यामुळे निदान आपले नव्हे. या वेळी मी रुग्णाला परत बोलावले नाही. त्याच नमुन्यावर चाचणी पुन्हा लावली, आकडे कायम राहिल्यावर पॅथॉलॉजिस्ट मॅडमना दाखवले आणि त्यांनी त्याच दुपारी रुग्णाच्या डॉक्टरांना फोन केला.