टेलरच्या पाटीवर एकच ओळ

‘ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, गणवेश, अल्टरेशन, पडदे शिवून मिळतील’ ही पाटी नागपूरच्या महाल भागातल्या कुठल्याही टेलरची असू शकते. यादी कापण्याआधी पावतीपुस्तक काढा आणि त्याच त्या बायका पुन्हा कशासाठी येतात ते बघा. समजा, अस्तराच्या ब्लाउजसाठी, कारण तो परत उसवावा लागत नाही. मग पाटीवर तेच: ‘ब्लाउज एकदा शिवला, पुन्हा उसवला नाही.’ ‘उत्तम फिटिंग’ नको, ते सगळेच लिहितात.

दुरुस्तीला परत येणारे ब्लाउज अजून बरेच असतील, तर मात्र हे वचन अंगाशी येईल. तेव्हा तारखेवर बोला: ‘सांगितल्या दिवशी ब्लाउज हातात.’ फॉल-पिको, पडदे वगैरे दाराच्या काचेवर बारीक अक्षरांत. शेजारच्या दुकानदाराला ओळ एकदाच ऐकवा. दुसऱ्या दिवशी अर्धीच आठवली, तर आणखी छाटा.