काळ्या रानात गमबूट घ्यायचा तर आधी चिखल मोजा

जून संपत आला की वाळवा, पलूस, कराड भागात आडसाली लागणीची तयारी सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये सऱ्या सुटलेल्या असतात, वरून पाऊस असतो आणि काळं रान पायाला सोडत नाही. पश्चिमेला पाटण, जावळी, शिराळ्यात त्याच दिवसांत भाताची चिखलणी आणि लावण चालते. या दोन महिन्यांत बाजारात गमबुटाचे ढीग लागतात. घेणारा पायाचा नंबर सांगतो, दर पाडतो आणि घरी येतो. पण गमबूट घेताना नंबराआधी रान पाहावं लागतं. एकच बूट कृष्णाकाठच्या काळ्या सरीत चालेल आणि कोयनेच्या खोऱ्यातल्या जांभ्यावर घसरवेल.

सुरुवात उंचीपासून करू. "मोठाच घ्या दादा, पाणी आत जायला नको," असं दुकानदार सांगतो. ते अर्धंच खरं आहे. चांगला पाऊस झाल्यावर किंवा पाणी दिल्यावर रानात जा आणि सरीच्या शेवटाकडे, जिथं पाणी साचतं, तिथं अनवाणी दोन-तीन मिनिटं उभं राहा. लगेच मोजू नका. काळ्या मातीत पाय हळूहळू खाली जात राहतो, आणि दारं धरताना किंवा टिपरी मांडताना माणूस एका जागी बराच वेळ उभा असतो. पाय कुठवर भिजला तिथं बोटानं खूण करा, बाहेर येऊन तळपायापासून टेपनं मोजा. त्यात आठ-दहा सेंटिमीटर जास्त धरा, कारण चालताना पाणी उडतं आणि पाय उचलताना बूट तिरका होतो.

समजा खूण २४ सेंटिमीटरवर आली. त्यात १० मिळवले की ३४ झाले, म्हणजे साडेतेरा इंचाच्या आसपास. आता दुसरं माप घ्या, गुडघ्यामागच्या वळकटीपासून जमिनीपर्यंतचं. मध्यम उंचीच्या पुरुषाचं हे साधारण ४२ सेंटिमीटर भरतं. बुटाची वरची कड या वळकटीच्या निदान ४-५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे, नाहीतर उकिडवं बसलं की ती मागून रुतते आणि दिवसभरात तिथं कातडी सोलते. म्हणजे या माणसाला ३७ सेंटिमीटरपर्यंत मोकळीक आहे आणि १४ इंची बूट त्याला नेमका बसतो. १५ इंची घेतला तर तो बसताना त्रास देईल.

घरातल्या बाईमाणसाचं हेच माप बहुधा ३८ च्या आसपास येतं. मग बुटाची कमाल उंची ३३ ठरते, म्हणजे १३ इंच. चिखल तोच आहे, पण तिला पुरुषाचा बूट उंचीनं जास्त आणि पंजानं ढिला होतो. खुरपणी, लावण, टिपरी मांडणं ही चिखलातली बरीचशी कामं बायाच करतात, आणि दुकानात मात्र बहुतेक सहा नंबरापासून पुढचेच बूट मांडलेले असतात. चार-पाच नंबर मागून घ्या, नसेल तर मागवायला सांगा. ढिल्या बुटात दोन मोजे घालून काम भागत नाही. टाच आत वरखाली होते, चिखल बूट धरून ठेवतो आणि पाय तेवढा बाहेर येतो.

पोटरीचा घेरही पाहा. पँट आत खोचून बूट घातल्यावर वरच्या कडेत दोन बोटं सहज जावीत. चार बोटं जात असतील तर उसाचं पाचट, माती आणि पाणी सगळं आत पडणार. एक बोटही जात नसेल तर चिखलात अडकल्यावर पाय पटकन काढता येणार नाही. विहिरीच्या किंवा कालव्याच्या काठावर हे विशेष लक्षात असू द्या. पाण्यानं भरलेला बूट जड होतो आणि पोहू देत नाही.

आता तळ. आपल्याकडं सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. खोल आणि दाट नक्षी पाहून माणूस म्हणतो, पकड भारी असणार. कोरड्या फरशीवर ती असतेही. पण काळी माती चिकण असते, ती दाट खाचांत दाबून बसते आणि दहा पावलांत तळाची सपाट ढेप होते. मग नक्षी असून नसल्यासारखी होते आणि पायाला दीड-दोन किलोचं ओझं लागतं ते वेगळंच. काळ्या रानाला खुंट्या मोठ्या आणि लांब लांब असलेला तळ पाहिजे. दोन खुंट्यांच्या मध्ये करंगळी बसली पाहिजे, आणि मधल्या खाचा तळाच्या कडेपर्यंत उघड्या असल्या पाहिजेत, म्हणजे चालताना तळ वाकला की माती बाजूनं निघून जाते. चारही बाजूंनी बंद असलेल्या चौकोनी खाचा असतील तर तो बूट सोडून द्या. टाचही वेगळी, पायरी पाडलेली असावी. ओल्या बांधावरून उतरताना हीच पायरी पाय अडवते.

पाटण-महाबळेश्वरकडं हिशेब उलटा होतो. तिथं घसरवतो तो शेवाळ धरलेला दगड आणि जांभ्याची पायवाट. दगडावर उंच खुंट्यांचा उपयोग नाही, तिथं जितका जास्त रबर दगडाला टेकेल तितकी पकड. म्हणून खुंट्या कमी उंच चालतील, पण तळ मऊ रबराचा हवा. नखानं दाबून पाहा, किंचित दबून परत वर आला पाहिजे. पीव्हीसीचा कडक तळ ओल्या कातळावर हमखास सरकतो. रान काळं असेल आणि वाटेत दगडी ओढा असेल, तर उघड्या खाचांचा पण मऊ रबराचा तळ शोधा. तो थोडा लवकर झिजेल, ते सोसा. खुंट्या झिजून तीनेक मिलिमीटर उरल्या की बूट गोठ्यातल्या कामाला ठेवा, रानात नको.

रबर आणि पीव्हीसी ओळखायचे कसे? बुटाचा वरचा भाग दुमडून सोडा. रबर लगेच सरळ होतं, पीव्हीसीवर वळी राहते आणि बऱ्याचदा तिथं पांढरट रेघ दिसते. पीव्हीसी एकसंध ओतलेलं असतं, स्वस्त पडतं, पण बोटांच्या मागं जिथं बूट वाकतो तिथं तडा जातो. आयएसआय खूण पाहिजे असेल तर रबरी बुटावर आयएस ५५५७ आणि पीव्हीसीच्या बुटावर आयएस १२२५४ हा क्रमांक शोधा.

अस्तराबाबत माझं मत स्पष्ट आहे. आपल्या पावसाळ्याला जाड, लोकरीसारखं अस्तर नको. दुकानात हात घातला की ते मऊ लागतं आणि माणूस भुलतो. बुटातला घाम बाहेर जायला वाट नसते, तो अस्तरात जिरतो. जुलैच्या दमट हवेत ते अस्तर रात्रभरात वाळत नाही, दुसऱ्या दिवशी तोच ओला बूट पायात जातो आणि चार-आठ दिवसांत बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात. कातडी पांढरी पडून मऊ होते, खाज सुटते, मग चिरा पडतात. चिखल टाळायला बूट घेतला आणि चिखल्या बुटातच झाल्या, असं बऱ्याच जणांचं होतं. अशा चिरांमधून साचलेल्या पाण्यातला जंतूही शिरतो. उंदराच्या लघवीनं दूषित पाण्यातून लेप्टो होतो तो असाच. मधुमेह असलेल्यानं तर चिर दिसताच दवाखाना गाठावा.

मग घ्यायचं काय? आतून पातळ, विणलेलं, रबराला पक्कं चिकटलेलं सुती किंवा नायलॉनचं अस्तर घ्या, आणि सुकतळा बाहेर निघणारा असू द्या. अस्तर नसलेला बूट धुवायला सोपा, पण घामानं पाय चिकटतो आणि काढताना दोन माणसं लागतात. मोजे गुडघ्याखालपर्यंतचे, बुटाच्या कडेपेक्षा उंच घ्या आणि दुपारच्या भाकरीला बसताना बदला. डिसेंबर-जानेवारीत रात्रीच्या लाइटीला उसाला पाणी पाजायला जाणाऱ्याला थंडी वाजते हे खरं, पण त्यालाही लोकरीचे मोजे पुरतात, आणि ते उन्हात वाळतातही.

रात्री परत आल्यावर सुकतळा काढा, आत जुन्या पेपरचे बोळे कोंबा, तासाभरानं ते काढून बूट खुंटीवर उलटे टांगा. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले तर रबर तडकतं. सकाळी घालण्याआधी बूट उलटा करून झाडा, विंचवाला ही जागा फार आवडते.

आडसालीसाठी एक गोष्ट ध्यानात ठेवा. ओल्या लागणीत टिपरी पायानं दाबायची सवय असते. अनवाणी पायाला डोळा कुठं आहे ते कळतं, बुटाला कळत नाही. खुंट्यांचा तळ टिपरीवर पडला तर डोळा मोडतो, नाहीतर टिपरी खोल जाते. ती अडीच ते पाच सेंटिमीटरच खाली पाहिजे. म्हणून बूट घातला असेल तर दाबायचं काम हातानं करा. भाताच्या लावणीला मात्र मी उंच गमबुटाचा आग्रह धरणार नाही. चिखलणी केलेल्या खाचरात पाय आत ओढला जातो, आणि दिवसभर वाकून मागं मागं सरकणाऱ्या बाईला जड बूट म्हणजे शिक्षा आहे. तिथं बूट बांधबंदिस्तीला, खत टाकायला आणि पाणी बघायला ठीक.

बूट रुतला तर सरळ वर ओढू नका. तळाखाली हवा शिरल्याशिवाय चिखल सोडत नाही. आधी टाच डावी-उजवी हलवा, टाच सुटली की मग पंजा उचला.

फवारणी करताना पँट बुटाच्या बाहेर सोडा, नाहीतर अंगावरून ओघळलेलं औषध थेट बुटात उतरतं. नाग-घोणसाच्या रानात हा बूट पायाला मोठा आधार आहे, पण त्याच्या भरवशावर बॅटरी न घेता सरीत उतरू नका. आणि गमबूट घातला म्हणून ओल्या हातानं मोटारीच्या स्टार्टरला हात लावणं तर मुळीच नको. साधा शेतीचा बूट विजेसाठी तपासलेला नसतो, आतून घामानं ओला असला तर त्याचा काहीच भरवसा नाही.

बाभळीचा काटा किंवा खोडव्याचा बुडखा लागून रबरी बूट फुटला तर टाकू नका. जागा धुऊन पूर्ण वाळवा, पॉलिश पेपरनं घासा, सायकलच्या ट्यूबचा गोल तुकडा पंक्चरच्या सोल्युशननं चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. पीव्हीसीला हे सोल्युशन धरत नाही, त्याला पीव्हीसीचाच चिकटा लागतो. आणि चिखल किंवा डाग काढायला रबरावर रॉकेल, डिझेल चोळू नका. रबर फुगतं आणि मऊ पडतं.