स्वयंसेवी संस्थेतली नोकरी घेण्याआधी

ऑफर लेटर हातात आलं की पगाराआधी पदाचं नाव वाचा. तिथे ‘कन्सल्टंट’ असेल तर सहसा पीएफ नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि मानधनातून १० टक्के टीडीएस कापला जातो. उत्पन्न करपात्र नसेल तर रिटर्न भरून तो परत मिळतो, पण तोवर पैसे अडकून राहतात.

मग वही घेऊन खरा फरक काढा. समजा, बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीच्या ऑफिसात एका मुलीला २८,००० पगार आहे, बेसिक १५,०००. पीएफचे १,८०० आणि व्यवसाय कराचे २०० जाऊन हातात २६,००० येतात. मालकाचे १,८०० धरून पीएफ आणि त्यातल्या पेन्शनमध्ये मिळून महिन्याला ३,६०० साठतात. म्हणजे एकूण २९,६००. खानापूर तालुक्यात बचत गटांचं काम करणारी संस्था तिला कन्सल्टंट म्हणून २५,००० देते. बेळगावहून रोज गाडीने जाऊन यायचं, तर पेट्रोलचे साधारण २,६०० जातील. उरले २२,४००. कागदावर तीन हजारांचा दिसणारा फरक सात हजारांच्या वर गेला. म्हणून प्रवासभत्ता आणि आरोग्यविमा मिळणार का, हे तोंडी नको, लेखी घ्या.

फाउंड्रीत तिची चार वर्षे झालीत, हे तर सर्वांत आधी बघायला हवं. कायम नोकरीत ग्रॅच्युइटीला पाच वर्षे लागतात. १५,००० बेसिकवर पाच वर्षांचे साधारण ४३,००० होतात, आणि आज राजीनामा दिला तर त्यावर पाणी सोडावं लागेल. संस्था काही महिने थांबायला तयार आहे का, हे निःसंकोच विचारा.

पगार कोणत्या निधीतून येतो आणि तो कोणत्या महिन्यापर्यंत मंजूर आहे, हेही विचारा. कंपन्यांच्या सीएसआर निधीतले प्रकल्प ठरावीक मुदतीचेच असतात. परदेशी देणगी असेल तर एफसीआरए नोंदणीचं पाच वर्षांनी नूतनीकरण लागतं. ते कधी आहे ते बघा. मागचा प्रकल्प संपल्यावर त्यातली माणसं कुठे गेली, याचं उत्तर मला तरी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा मोलाचं वाटतं.

कामावर मन बसलं असेल तर होकाराआधी एक दिवस गटाच्या बैठकीला जाऊन बसा. कार्यकर्ती कर्जाचा हप्ता का थकला ते बाईला विचारते, की सह्या आणि फोटो घेऊन पुढच्या गावाला निघते? तुमचाही दिवस तसाच जाणार आहे.

पुढच्या कमाईसाठी मी एकच कसोटी लावते: तीन वर्षांनी बायोडेटात काय लिहिता येईल? अंदाजपत्रक आणि देणगीदाराचा अहवाल तुमच्या हाताखालून जाणार असेल, तर पुण्या-बेंगळुरूच्या संस्थाही विचारतील. नुसत्या याद्या भरायच्या असतील तर कमी पगार घेण्यात अर्थ नाही. आणि मराठी शाळेत शिकलेल्यांनी कन्नड लिहिण्याची तयारी आजच सुरू करावी. ग्रामपंचायतीचा पत्रव्यवहार कन्नडमध्येच चालतो, आणि ज्याला तो जमतो त्याच्याकडेच समन्वयकाचं काम आधी येतं.