नफ्यातल्या शेअरला किती ढील द्यायची: टक्क्यांचा स्टॉप सोडून चॅन्डेलिअर स्टॉप कसा लावावा

ट्रेंड फॉलोइंगमध्ये दहापैकी पाच-सहा सौदे छोट्या तोट्यात जातात, हे गृहीतच धरलेलं असतं. वर्षाची कमाई उरलेल्यांतल्या एक-दोन मोठ्या सौद्यांतून येते. म्हणून खरा प्रश्न शेअर कधी घ्यायचा हा नसून, चाललेल्या शेअरमध्ये टिकून कसं राहायचं हा असतो. बहुतेक जण याचं उत्तर एका आकड्यात देतात: "वरच्या भावापासून दहा टक्के पडला की विकायचा." नियम सोपा आहे, पण त्यात एक अडचण आहे. दहा टक्के हा आकडा तुम्ही ठरवलेला असतो, त्या शेअरच्या रोजच्या वागण्याशी त्याचा काही संबंध नसतो.

समजा दोन शेअर 500 रुपयांना आहेत. पहिला रोज सरासरी 6 रुपये वरखाली होतो, दुसरा 20 रुपये. दोन्हींना दहा टक्क्यांचा, म्हणजे 50 रुपयांचा स्टॉप लावला. पहिल्या शेअरमध्ये हे अंतर त्याच्या आठ दिवसांच्या सरासरी हालचालीपेक्षा जास्त आहे. ट्रेंड मोडला, सगळ्यांना दिसला, तरी तुम्ही आतच बसून राहाल. दुसऱ्यात तेच अंतर जेमतेम अडीच दिवसांचं आहे. ट्रेंड शाबूत असतानाही एखाद्या साध्या नफावसुलीत तुम्ही बाहेर फेकले जाल.

चॅन्डेलिअर स्टॉप हे अंतर शेअरच्या स्वतःच्या हालचालीवरून ठरवतो. चक ले बो यांनी ही पद्धत मांडली आणि अलेक्झांडर एल्डर यांच्या लिखाणातून ती सर्वदूर पोचली. सौदा सुरू झाल्यापासूनचा सगळ्यात वरचा भाव घ्यायचा आणि त्यातून एटीआरची, म्हणजे शेअरच्या रोजच्या सरासरी हालचालीची, तिप्पट वजा करायची, इतकाच तिचा गाभा आहे. छताला झुंबर टांगावं तसा हा स्टॉप शिखराला टांगलेला असतो.

पायरी 1: एटीआर काढा

एटीआर हे वेल्स वायल्डर यांनी 1978 मध्ये मांडलेलं माप आहे. आधी रोजची खरी रेंज काढायची. आजचा उच्चांक वजा नीचांक, आजचा उच्चांक आणि कालचा बंद भाव यांतला फरक, आजचा नीचांक आणि कालचा बंद भाव यांतला फरक, या तिन्हींतला सगळ्यात मोठा आकडा म्हणजे खरी रेंज. कालचा बंद भाव घ्यायचा तो गॅपसाठी. शेअर 20 रुपये खाली उघडून दिवसभर 4 रुपयांत फिरला, तर त्या दिवसाची हालचाल 4 रुपयांची होती असं म्हणता येत नाही.

या रेंजची 22 दिवसांची सरासरी म्हणजे एटीआर. बावीस दिवस म्हणजे साधारण महिनाभराचं ट्रेडिंग. शीटमध्ये C रकान्यात उच्चांक, D मध्ये नीचांक, E मध्ये बंद भाव आणि दुसऱ्या ओळीपासून आकडे असतील, तर सूत्रं अशी:

```
G3:  =MAX(C3-D3, ABS(C3-E2), ABS(D3-E2))
H24: =AVERAGE(G3:G24)
H25: =(H24*21+G25)/22
```

G3 आणि H25 ही सूत्रं खाली ओढत न्यायची. H24 फक्त सुरुवातीपुरतं आहे.

पायरी 2: स्टॉप लावा, आणि तो खाली येऊ देऊ नका

समजा तुमची खरेदी शीटच्या 60 व्या ओळीतल्या दिवशी झाली.

```
I60: =C60-3*H60
I61: =MAX(I60, MAX(C$60:C61)-3*H61)
```

दुसऱ्या सूत्रातलं बाहेरचं `MAX` फार महत्त्वाचं आहे. एटीआर वाढला की अंतर वाढतं, आणि नुसत्या सूत्राने स्टॉप खाली घसरतो. शेअर पडायला लागतो तेव्हा रेंज मोठी होते, म्हणजे नेमक्या नको त्या वेळी स्टॉप तुमच्यापासून दूर पळतो. कालच्या स्टॉपपेक्षा आजचा कमी येत असेल तर कालचाच ठेवायचा, हा नियम पक्का हवा. चार्टिंग सॉफ्टवेअरमधला चॅन्डेलिअर वापरत असाल तर हे जरूर तपासा. अनेक ठिकाणी खरेदीपासूनचा उच्चांक न घेता मागच्या 22 दिवसांचा घेतात. शिखर त्या खिडकीतून बाहेर गेलं की रेषा खाली उतरलेली दिसते.

पायरी 3: शेअर किती घ्यायचे ते स्टॉपवरून ठरवा

ही पायरी गाळली तर चॅन्डेलिअरचा उपयोग अर्धाच राहतो. उसळ्या शेअरचा स्टॉप लांब असतो, म्हणून तिथे शेअर कमी घ्यायचे. शांत शेअरचा जवळ असतो, म्हणून जास्त. नऊ लाखांच्या भांडवलावर एका सौद्यात एक टक्का, म्हणजे 9,000 रुपये धोक्यात घालायचे ठरवले, तर 9,000 ला खरेदीचा भाव आणि स्टॉप यांतल्या अंतराने भागायचं. शांत शेअरमध्ये या भागाकाराने रक्कम फुगून भांडवलाचा मोठा हिस्सा एकाच ठिकाणी अडकू शकतो, म्हणून एका शेअरमध्ये किती टक्क्यांच्या वर जायचं नाही, ही मर्यादा वेगळी लावा.

एक सौदा सुरुवातीपासून शेवटपर्यंत

वरचा उसळ्या शेअर घेऊ. आकडे काल्पनिक आहेत, हिशेब कसा चालतो ते दिसावं म्हणून निवडलेले. खरेदी 500 ला, त्या दिवशीचा उच्चांक 510, एटीआर 20. चॅन्डेलिअर स्टॉप 510 वजा 60, म्हणजे 450. अंतर 50 रुपये, म्हणून 180 शेअर. दहा टक्केवाल्याचा स्टॉप 459 ला. त्याचं अंतर 41, म्हणून त्याने 219 शेअर घेतले. दोघेही बंद भाव पाहून निर्णय घेतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी विकतात.

महिनाभरात शेअर 610 ला पोचतो, एटीआर 22 होतो. चॅन्डेलिअर 544 वर येतो, दहा टक्केवाला 549 वर. मग नेहमीची नफावसुली येते आणि शेअर 547 ला बंद होतो. दहा टक्केवाला बाहेर पडतो. सकाळी 547 च्या आसपास भाव मिळाला तर त्याचा नफा साधारण 10,300 रुपये. चॅन्डेलिअरवाला तीन रुपयांनी आत राहतो. यात नशिबाचाही भाग आहे, हे मान्य करायला हवं. असे प्रसंग उलटेही घडतात.

पुढे शेअर 780 ला जातो, एटीआर 24, स्टॉप 708. मग दोन आठवडे रोज चाळीसेक रुपयांच्या उड्या मारत 840 गाठतो. एटीआर आता 30 आहे, स्टॉप 750. एके दिवशी 835 वरून 765 पर्यंत आपटतो आणि 770 ला बंद होतो. त्या दिवसाची रेंज 70, त्यामुळे एटीआर 31.8 होतो आणि नुसतं सूत्र स्टॉप 744.6 दाखवतं. आपण 750 च धरतो. दुसऱ्या दिवशी बंद भाव 746 येतो आणि तिसऱ्या दिवशी सकाळी 742 ला विक्री होते. नफा 43,560 रुपये.

शिखरापासून शेअरमागे 98 रुपये, म्हणजे एकूण साडेसतरा हजारांहून जास्त परत गेले, हेही नीट पाहून ठेवा. एवढं सोडून देण्याची तयारी असल्याशिवाय ही पद्धत हाती घेऊ नये. दर सौद्यात शिखराजवळ हात घालून विकणाऱ्याला 610 नंतरचा प्रवास मिळालाच नसता.

जिथे चॅन्डेलिअर फसतो

त्याची सगळ्यात कमजोर जागा म्हणजे खूप दिवस शांत बसलेला शेअर. ट्रेंड फॉलोअर बहुधा अशाच शेअरमध्ये शिरतो: महिना-दोन महिने अरुंद पट्ट्यात फिरलेला आणि आता पट्टा फोडून वर निघालेला. त्या शांततेमुळे एटीआर आकसलेला असतो. आपल्या पहिल्या शेअरमध्ये एटीआर 6, तिप्पट 18, म्हणजे स्टॉप उच्चांकाखाली जेमतेम साडेतीन टक्के. पण पट्टा फुटल्यावर शेअरची चाल बदलते आणि जुनं माप तोकडं पडतं. पहिल्याच परतीत तुम्ही बाहेर, आणि शेअर पुन्हा वर. इथे साधा दहा टक्क्यांचा स्टॉप सरस ठरतो.

यावर मला पटलेला उपाय म्हणजे अंतराला खालची मर्यादा लावणं. तीन एटीआर किंवा सहा टक्के, यांतलं जे मोठं असेल ते अंतर धरायचं. सहा हाच आकडा हवा असं काही नाही. तुम्ही ज्या प्रकारच्या शेअरमध्ये काम करता, त्यांच्या जुन्या चार्टवर ट्रेंड चालू असतानाच्या परती मोजा आणि आपला आकडा ठरवा. दुसरा मार्ग म्हणजे 22 ऐवजी 50 दिवसांचा एटीआर घेणं. त्यात महिनाभराच्या शांततेचा प्रभाव कमी होतो.

हा दोष तुमच्या सौद्यांत आहे का, हे वहीवरून कळतं. स्टॉपने बाहेर काढल्यानंतर महिन्याभरात किती शेअर आधीच्या शिखरावर गेले ते लिहून ठेवा. ते जवळजवळ सगळे खरेदीनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांतले असतील, तर तुमचा स्टॉप सुरुवातीला फार जवळ आहे. ते पूर्ण वाटचालीत विखुरलेले असतील, तर गुणक तीनवरून साडेतीन किंवा चारवर नेऊन जुन्या सौद्यांवर तपासा. चालू सौद्यात मात्र गुणक बदलू नका.

पायरी 4: ऑर्डर कशी टाकायची

साधी स्टॉप लॉस ऑर्डर त्या दिवसापुरतीच असते, म्हणून डिलिव्हरीत बहुतेक जण जीटीटी, म्हणजे ठरवलेला भाव लागेपर्यंत टिकून राहणारी ऑर्डर, वापरतात. ती दिवसाच्या मध्येच भाव लागला तरी चालू होते. तुमचा नियम बंद भावाचा असेल तर जीटीटी स्टॉपवर न ठेवता एक एटीआर आणखी खाली, अपघातापुरती ठेवा, आणि नेहमीची विक्री स्वतः करा. ट्रिगर झाल्यावर जाणारी ऑर्डर लिमिटची असेल आणि शेअर गॅपने त्याही खाली उघडला, तर ती तशीच पडून राहते. लोअर सर्किट लागलेल्या शेअरमध्ये तर घेणाराच नसतो, तिथे कुठलाही स्टॉप वाचवत नाही. अशा शेअरमध्ये धोका मोजताना स्टॉपच्या अंतरावर विसंबू नका, शेअर कमीच घ्या.

बोनस किंवा स्प्लिट आला की जुने सगळे भाव त्या प्रमाणात बदलून घ्या. एकास एक बोनसनंतर भाव निम्मा होतो. शीटमध्ये जुना उच्चांक तसाच राहिला तर स्टॉप भावाच्या कितीतरी वर दिसेल आणि खोटी विक्री निघेल. जीटीटीही रद्द करून नव्या भावाने टाका.

शेवटी, बाहेर पडल्यानंतर शेअर पुन्हा वर निघाला तर काय करायचं, हेही आधीच लिहून ठेवा. मी आधीच्या शिखराच्या वर बंद भाव आला तरच परत घेतो, तेही नवा सौदा म्हणून: नवा एटीआर, नवा स्टॉप, शेअरची संख्या पुन्हा पहिल्यापासून काढलेली.