काच फुटल्याचा आवाज गाळणीत हरवतो तेव्हा

बडोद्यात शिकत असताना मी व्हिडिओच्या ध्वनिपट्टीतून ठरावीक आवाज शोधण्याचे काम हाती घेतले. बाळाचे रडणे, दारावरची घंटी आणि काच फुटणे हे ते तीन आवाज. माझी पहिली चूक अशी झाली की तिन्ही आवाजांना मी एकाच मापाने मोजले. हे काम नव्याने सुरू करणाऱ्यांनी ती टाळावी, म्हणून ती येथे तपशिलाने मांडतो.

चाचणीसाठी रावपुऱ्यातील मावशीच्या घरी मी वीस मिनिटांचा व्हिडिओ घेतला. मावसबहिणीचे तान्हे बाळ अधूनमधून रडत होतेच. घंटी आम्ही सहा वेळा वाजवली आणि रिकाम्या बरण्या गोणपाटाखाली धरून चार वेळा फोडल्या. प्रत्येक आवाजाची वेळ मी घरी परतल्यावर कान देऊन ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्राममध्ये नोंदवली. ही हाताने केलेली नोंद कंटाळवाणी असली, तरी तिच्यावाचून पुढचा कोणताही निष्कर्ष तपासता येत नाही.

ओळखण्यासाठी मी गूगलचे यामनेट हे प्रशिक्षित मॉडेल वापरले. त्याला एका चॅनेलचा, सेकंदाला 16000 नमुन्यांचा आवाज लागतो. तो व्हिडिओतून असा काढता येतो:

```
ffmpeg -i ghar.mp4 -vn -ac 1 -ar 16000 ghar.wav
```

मॉडेल आवाजाचे 0.96 सेकंदांचे तुकडे पाहते आणि दर 0.48 सेकंदाला पुढे सरकते, त्यामुळे शेजारचे दोन तुकडे एकमेकांवर निम्मे चढलेले असतात. प्रत्येक तुकड्यासाठी ते 521 प्रकारांना 0 ते 1 असे गुण देते. हे गुण परस्परांपासून स्वतंत्र असल्याने त्यांची बेरीज 1 होत नाही, आणि 0.6 गुण म्हणजे साठ टक्के खात्री, असा अर्थही काढता येत नाही. तुकड्याचा क्रमांक शून्यापासून मोजून 0.48 ने गुणला की त्याची सुरुवात कळते. उदाहरणार्थ, 650 व्या क्रमांकाचा तुकडा 312 व्या सेकंदाला, म्हणजे 5 मिनिटे 12 सेकंदांवर सुरू होतो.

गुण फार उड्या मारत होते, म्हणून मी लागोपाठच्या पाच गुणांमधला मधला गुण घेऊन आलेख सपाट केला. रडण्यासाठी हे उत्तम जमले. एका ठिकाणी गुण 0.71, 0.66, 0.18, 0.74 आणि 0.59 असे होते. 0.18 हा बाळ श्वास घेते त्या खंडाचा गुण होता. चढत्या क्रमाने लावल्यावर मधला गुण 0.66 निघाला आणि रडणे सलग राहिले. काच मात्र चारपैकी एकदाही सापडली नाही. 312 व्या सेकंदाजवळचे मूळ गुण 0.03, 0.04, 0.62, 0.41 आणि 0.05 होते. मॉडेलने काच नीट ओळखली होती. परंतु काच फुटण्याचा मुख्य आघात क्षणाचा असतो आणि एकावर एक चढलेल्या दोनच तुकड्यांत तो येतो. पाचांतला मधला गुण मोठा यायला किमान तीन मोठे गुण लागतात, म्हणून उत्तर 0.05 आले. माझीच गाळणी काच गाळून टाकत होती.

त्यानंतर मी काचेसाठी सपाटीकरण काढून टाकले आणि शेजारच्या तुकड्यांतला सर्वांत मोठा गुण धरला. रडण्यासाठी गाळणी ठेवली व दोन सेकंदांहून लहान खंड जोडून घेतले. उंबरठा, म्हणजे ज्या गुणापासून आवाज सापडला असे मानायचे तो आकडा, प्रत्येक आवाजासाठी निराळा ठरवला. काच चारही वेळा सापडली. पण स्वयंपाकघरात स्टीलची वाटी पडली, तीही काच म्हणून नोंदली गेली. स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आडवा काळ आणि उभी वारंवारता दाखवणारे आवाजाचे चित्र, पाहिल्यावर फरक दिसला. वाटी घुमत राहते, म्हणून तिच्या आडव्या रेषा लांबतात. काचेचा उभा पट्टा येतो आणि मागे तुकड्यांचे विखुरलेले ठिपके उरतात.

घंटीची अडचण वेगळीच होती. मावशीकडची घंटी चिमणीसारखी चिवचिवते, आणि मॉडेलने तिला सहाही वेळा पक्ष्यांच्या आवाजात टाकले. यात उंबरठा खाली आणून काही साधत नाही. यामनेट प्रत्येक तुकड्यासाठी त्यातल्या आवाजाचे वर्णन करणारी 1024 आकड्यांची एक मालिकाही देते. त्या मालिकांवर घंटी, वाटी आणि काच यांची स्वतः गोळा केलेली उदाहरणे घेऊन मी वर्गीकरण करणारे एक छोटे मॉडेल शिकवले. एकाच व्हिडिओचे तुकडे शिकवण्यात आणि चाचणीत विभागू नयेत, हे येथे कटाक्षाने पाळावे. तसे विभागल्यास मॉडेल त्या खोलीचा घुमारा ओळखते आणि आपण समजतो की त्याला घंटी कळली.

म्हणून शेवटची चाचणी मी दांडिया बाजारातील एका मित्राच्या घरी घेतली. तिथे चारपैकी तीन वेळा काच सापडली. चौथ्या वेळी मिक्सर चालू होता आणि बरणी बंद दाराआड फुटली होती. ध्वनिपट्टीतला तो भाग मी हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकला, तेव्हा मलाही ती ऐकू आली नाही.