सबस्क्रिप्शन कॅन्सल करताना या चुका टाळा: शेवटचं बटण दाबायचं राहून जातं

सबस्क्रिप्शन बंद केलं आणि तरी पुढच्या महिन्यात पैसे कापले गेले, असं बऱ्याच जणांचं होतं. मग वाटतं कंपनीने फसवलं. खरं तर बहुतेक वेळा कॅन्सल करायची प्रोसेस अर्ध्यातच सुटलेली असते, आणि ती तशी सुटावी म्हणूनच मुद्दाम लांबवलेली असते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेने, म्हणजे एफटीसीने, अमेझॉनवर केस केली. त्यात म्हटलं होतं की प्राइम बंद करायला चार पानं, सहा क्लिक आणि पंधरा पर्याय पार करावे लागत होते, आणि कंपनीत या प्रोसेसचं नाव होतं ‘इलियड’, लांबलचक युद्धाच्या त्या ग्रीक महाकाव्यावरून. २०२५ मध्ये ते प्रकरण अडीच अब्ज डॉलर्सवर मिटलं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पहिलं ‘कॅन्सल’ दाबलं की काम झालं असं समजणं. ते बटण बहुतेकदा फक्त दार उघडतं. पुढे साधारण काय होतं बघा. पहिल्या पानावर तुम्ही काय काय गमावणार त्याची यादी येते आणि खाली मोठं रंगीत बटण असतं, ‘फायदे चालू ठेवा’. पुढे जायची लिंक मात्र करड्या बारीक अक्षरात, बटणासारखी दिसतच नाही. दुसऱ्या पानावर कारण विचारतात, काहीतरी निवडल्याशिवाय पुढे जाता येत नाही. तिसऱ्यावर तीन महिने अर्ध्या किमतीत देतो अशी ऑफर, नाहीतर ‘महिनाभर पॉज करा’. इथे कंटाळून लोक पॉज दाबतात आणि बंद झालं असं समजतात, पण पॉजची मुदत संपली की पैसे आपोआप कापायला सुरुवात होते. चौथ्या पानावर खरं शेवटचं बटण असतं, आणि तिथलं वाक्य नीट वाचावंच लागतं, कारण कधीकधी ‘रद्द करा’चा अर्थ तिथे कॅन्सल करणंच रद्द करा असा होतो! बटणाच्या रंगावर जाऊ नका, त्याच्यावर काय लिहिलंय ते पूर्ण वाचा.

लिंक सापडतच नसेल तर कॉम्प्युटरवर ब्राउझरमधून लॉगिन करा, अकाउंट किंवा बिलिंगच्या पानावर जा, Ctrl+F दाबून cancel शोधा. करड्या अक्षरातला शब्दही लगेच उजळतो. नाहीच मिळाला तर plan, renew, membership असे शब्द टाकून बघा, कारण काही ठिकाणी ‘प्लॅन बदला’च्या आत अगदी तळाशी ‘प्लॅन संपवा’ लपवलेलं असतं.

कधीकधी मात्र बटण लपवलेलं नसतं, ते तिथे असतच नाही. सबस्क्रिप्शन फोनच्या अ‍ॅप स्टोअरमधून घेतलं असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर कितीही शोधलं तरी बहुतेकदा सापडत नाही. आयफोनवर Settings मध्ये वर आपल्या नावावर टॅप करून Subscriptions, अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या फोटोवर टॅप करून Payments & subscriptions, तिथून बंद करायचं. कुठून घेतलंय ते आठवत नसेल तर पहिली पावती कोणाच्या ईमेलने आली होती ते बघा. आणि नुसतं अ‍ॅप डिलीट करून काहीही थांबत नाही, हे अजूनही खूप जणांना माहीत नसतं.

खरंच बंद झालं का हे कसं ओळखायचं? बिलिंगच्या पानावर परत जा. आधी तिथे ‘पुढचं बिल अमुक तारखेला’ असं असतं, आता ‘अमुक तारखेपर्यंत चालू, त्यानंतर संपेल’ असं दिसायला हवं. अजूनही पुढच्या बिलाची तारीख दिसत असेल तर काम अर्धवट आहे, कोणताही मेसेज काही म्हणो. कन्फर्मेशनचा ईमेल आला का तेही बघा, आणि त्या पानाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून ठेवा, नंतर पैसे परत मागताना तोच कामाला येतो. हे सगळं बिलाच्या आदल्या रात्री करू नका, दोन-तीन दिवस आधीच उरका. अ‍ॅपलवर फ्री ट्रायल तर संपायच्या किमान २४ तास आधी बंद करावी लागते.

काहीजण या सगळ्याला वैतागून सरळ कार्ड ब्लॉक करतात किंवा नवीन मागवतात. त्याने सबस्क्रिप्शन संपत नाही, कंपनीच्या खात्यात ते चालूच राहतं आणि थकबाकी दिसू शकते. शिवाय व्हिसा आणि मास्टरकार्डकडे अशी सोय आहे की बँक त्यात सामील असेल तर नव्या कार्डाचा नंबर आपोआप कंपनीला कळतो आणि पैसे त्या कार्डावरूनही कापले जातात. म्हणून आधी कंपनीकडे रीतसर बंद करा, आणि त्यानंतरही पैसे गेले तर तो स्क्रीनशॉट जोडून बँकेकडे त्या व्यवहाराची तक्रार करा.